अपघात अहवालातलं ‘करण्यात आले’ कसं काढू? (फौंड्री, सँड मिक्सर)

मृगनक्षत्र

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत सेफ्टीचं काम बघते. कंपनीचं नाव विचारू नका. मागच्या महिन्यात आमच्याकडे सँड मिक्सरमध्ये एका हेल्परचा घोटा फ्रॅक्चर झाला. माणूस बरा आहे, प्लास्टरमध्ये आहे. चौकशीचा अहवाल मी लिहिला, प्लँट हेडनी सही केली, आणि आमच्या मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटरने तो परत पाठवला. सात वाक्यांपैकी सहांखाली लाल रेघ, आणि प्रत्येक रेघेपुढे एकच शब्द: ‘कोणी?’

तो उतारा असा आहे:

> पहिल्या पाळीच्या शेवटी सँड मिक्सरची साफसफाई करण्यात येत होती. साफसफाईपूर्वी मशीन बंद करण्यात आले होते. पाळी बदलताना योग्य समन्वय न झाल्याने मशीन चुकून सुरू झाले व कामगाराच्या पायास दुखापत झाली. दरवाजाचा लिमिट स्विच कार्यरत नसल्याचे निदर्शनास आले. कामगारांना यापूर्वी सुरक्षा सूचना देण्यात आल्या होत्या. जखमीस तात्काळ रुग्णालयात हलविण्यात आले. यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल.

ज्यांनी मिक्सर पाहिला नाही त्यांच्यासाठी: मोठं गोल भांडं असतं, आत जड चाकं आणि नांगरासारखे प्लाऊ फिरतात आणि वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड, पाणी असं सगळं मळलं जातं. कडेला चिकटलेली वाळू पाळी संपताना खरवडावी लागते. त्यासाठी माणूस बाजूच्या दरवाजातून आत उतरतो. दरवाजा उघडा असताना मिक्सर फिरू नये म्हणून त्याला लिमिट स्विच असतो.

आमच्याकडे सगळे अहवाल याच भाषेत असतात. मीही जुन्या फायली बघूनच शिकले. आता हा नीट कसा लिहू? साहेब म्हणतात, ‘दोनचार ठिकाणी नावं घाल आणि पाठवून दे.’

व्याकरणवेडा

सोपं आहे हो. दडलेला कर्ता पुढे आणायचा. ‘मशीन बंद करण्यात आले’ याचं ‘ऑपरेटरने मशीन बंद केले’. ‘साफसफाई करण्यात येत होती’ याचं ‘हेल्पर साफसफाई करत होता’. ‘सूचना देण्यात आल्या होत्या’ याचं ‘सेफ्टी विभागाने सूचना दिल्या होत्या’. ‘मशीन सुरू झाले’ हे तर कर्तरीच आहे, त्याला हात लावायची गरज नाही. दहा मिनिटांचं काम.

जुना_मुकादम

वेडेसाहेब, मिक्सर ऑपरेटरने बंद केला हे तुम्हाला कोणी सांगितलं? सुपरवायझरने केला असेल. आधीपासूनच बंद असेल. ताईंच्या उताऱ्यात ते कुठेच नाही, तुम्ही अंदाजाने कर्ता बसवलात. अपघाताच्या कागदावर अंदाजाने कर्ता बसवणं हे ‘करण्यात आले’पेक्षा वाईट. तिथे निदान माहिती नाही एवढं तरी कळत होतं. आता चुकीचा माणूस ठाम वाक्यात जाऊन बसला.

आणि ज्याला तुम्ही हात लावू नका म्हणता, त्या वाक्यात सगळ्यात मोठं भोक आहे. व्याकरणाने ते कर्तरी असेलही. पण मिक्सरला अंगात येत नाही. कोणीतरी स्टार्ट दाबलं, नाहीतर प्लँट ऑटोवर होता आणि हॉपरमधली वाळू कमी झाल्यावर पीएलसीने, म्हणजे प्लँट आपोआप चालवणाऱ्या कंट्रोलरने, बॅच मागितली. दोन्हीचे उपाय अगदी वेगळे. पहिल्यात माणसाशी बोलावं लागेल, दुसऱ्यात प्रोग्रॅमिंगवाल्याशी. ‘सुरू झाले’ एवढ्याने दोन्ही झाकलं जातं.

ताई, मी तीस-पस्तीस वर्षं फौंड्रीत काढली, शेवटची काही सेफ्टीत. मी असं करायचो. उतारा बाजूला ठेवा. एका कोऱ्या कागदावर फक्त क्रियापदं एकाखाली एक लिहा: खरवडायला सांगितलं, बंद केलं, आत उतरला, निघून गेला, स्टार्ट दाबलं, स्विच निकामी केला, सूचना दिली. प्रत्येकापुढे दोन घरं. पहिल्यात ‘कोणी’, दुसऱ्यात ‘कशावरून’. दुसरं घर रिकामं असेल तर पहिलं भरायचं नाही. हा कागद भरल्याशिवाय वाक्याला हात लावू नका.

तुमच्या कागदावर ‘बंद केलं’पुढे अजून एक प्रश्न घाला: कितपत बंद? स्टॉप बटण दाबलं, की वीजच तोडणारा आयसोलेटर पाडला, की आयसोलेटर पाडून कुलूप लावून किल्ली खिशात घातली? तिन्हीला आपण बंदच म्हणतो. आत उतरणाऱ्या माणसाला त्यातलं फक्त तिसरं वाचवतं.

शेंगदाणा

आमच्या सोसायटीच्या मिनिट्समध्ये पाण्याची टाकी ‘साफ करण्यात आली’ असं चार वर्षं येतंय. कोणी ते अजून कळलेलं नाही. टाकीलाही नाही.

काळाकोट

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. कंपन्यांची कामगार प्रकरणं बघतो. ही भाषा अशी उगाच झालेली नाही. अहवालात ‘अमुक इनचार्जने स्विच बायपास केला’ असं लिहिलंत की उद्या भरपाईच्या दाव्यात तोच कागद कोर्टापुढे येतो, आणि कारखाना निरीक्षकाने खटला भरला तर तिथेही. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कायद्याने अपघाताची सूचना द्यावी लागते. त्या सूचनेत काय लिहायचं ते ठरलेलं असतं. ग्राहकाला पाठवायचा अहवाल वेगळा. दोन्हीत एकच मजकूर चिकटवू नका आणि घाईत कबुलीजबाब लिहू नका.

माझा सल्ला: नावं अजिबात नकोत, हुद्दे घाला. आणि ‘निष्काळजीपणा’, ‘हलगर्जी’, ‘दोषी’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका.

जुना_मुकादम

हुद्दे घालायचे आणि विशेषणं काढायची, हे दोन्ही शंभर टक्के मान्य. ‘ऑपरेटर १’, ‘ऑपरेटर २’, ‘इलेक्ट्रिशियन’ एवढं पुरतं, नावांची यादी फाइलमध्ये वेगळी ठेवा. पण वकीलसाहेब, ‘इलेक्ट्रिशियनने लूप मारला’, म्हणजे तार जोडून स्विच निकामी केला, ही कबुली नाही, घडलेली गोष्ट आहे. ‘इलेक्ट्रिशियनने हलगर्जीने लूप मारला’ हा निकाल झाला. आपलं काम पहिल्या वाक्याशी. आणि निरीक्षक आला तर पॅनेल उघडून लूप बघणारच आहे, कागदात लपवून काय मिळणार?

काळाकोट

लूप त्याला दिसेल. तो कोणाच्या सांगण्यावरून मारला ते दिसणार नाही. तेवढ्यासाठीच म्हटलं. असो, मतभेद राहू द्या.

परिचारिका_सांगली

मी हॉस्पिटलमधली आहे, त्यामुळे मशीनचं कळत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे एकदा चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं. रिपोर्टमध्ये ‘स्टाफ नर्सने चुकीचे इंजेक्शन दिले’ असं स्पष्ट लिहिलं, अगदी तुम्ही सांगता तसं. काय झालं? ती नर्स निलंबित, फाइल बंद. म्हणून मी तरी सांगेन की ताई, ‘दिले गेले’च लिहा. गरिबाची नोकरी वाचते.

जुना_मुकादम

सिस्टर, तुमचा राग बरोबर आहे. पण तो रिपोर्ट स्पष्ट नव्हता, अर्धा होता. दोन औषधांच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्या एका ट्रेमध्ये शेजारीशेजारी कोणी ठेवल्या? त्या रात्री वॉर्डात किती जणी होत्या आणि ड्यूटी कोणी लावली होती? सारखी बाटली खरेदी करायचं कोणी ठरवलं? ही वाक्यं त्यात होती का? पैज लावतो, एक तर नव्हतीच, नाहीतर ‘ठेवण्यात आल्या होत्या’ अशी होती.

परिचारिका_सांगली

नव्हतीच.

दम्मामकर

मी आखातात तेल-वायू प्रकल्पावर आहे. पाळीबदलाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मचं उदाहरण आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगला दाखवतात. ६ जुलै १९८८. दिवसपाळीने एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणी बसवली होती. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रपाळीने हाच पंप चालू करायला घेतला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९०ला आला, त्यात १०६ शिफारशी होत्या.

‘योग्य समन्वय न झाल्याने’ हे वाक्य तिथेही एका ओळीत लिहून मोकळं होता आलं असतं. पण मग दुरुस्तीच्या परमिटचा कागद कोणाकडून कोणाकडे जायला हवा होता, हे कोणी शोधलंच नसतं. ताई, तुमच्याकडे पाळी बदलताना ऑपरेटर ऑपरेटरला काय सांगतो? कुठे लिहितो का? की नुसता हात हलवून जातो?

मृगनक्षत्र

सगळ्यांचे आभार. मुकादमकाका, तुमचा कागद घेऊन दोन दिवस फिरले. आधी वाटलं होतं की मला सगळं माहीत आहे, नुसती वाक्यं फिरवायची आहेत. प्रत्यक्षात ‘कशावरून’ची निम्मी घरं रिकामी निघाली. जे कळलं ते असं:

प्लँट त्या वेळी मॅन्युअलवर होता, पीएलसीची नोंद बघितली. स्टार्ट दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने दाबलं, तो स्वतःच सांगतो. रोज पाळी सुरू करताना तो रिकामा मिक्सर अर्धा मिनिट फिरवून बघतो.

पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने फक्त स्टॉप बटण दाबलं होतं. आयसोलेटर चालूच होता. कुलूप का नाही लावलं विचारलं तर म्हणाला, ‘मॅडम, कुलूप सुपरवायझर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतंय, ड्रॉवरची किल्ली साहेबांकडं, आणि साहेब मोल्डिंग लाइनला.’ सुपरवायझरना विचारलं, तर म्हणाले, कुलपं हरवतात म्हणून आत ठेवतो.

लिमिट स्विच ही मोठी गोष्ट निघाली. त्याच्या हाउसिंगमध्ये वाळू जाऊन तो सारखा ट्रिप होत होता. अपघाताच्या १२ दिवस आधी रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनने पॅनेलमध्ये लूप मारला. तो म्हणतो, मेंटेनन्स इनचार्जनी फोनवर सांगितलं. इनचार्ज म्हणतात, ‘मी मिक्सर चालू करून दे म्हणालो, लूप मार म्हणालो नाही.’ लॉगबुकात एवढंच आहे: ‘मिक्सर डोअर स्विच ट्रिप, अटेंड केले, ओके.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानावर इनचार्जची सही.

आणि सुरक्षा सूचना. रजिस्टर काढलं. लोटोचं, म्हणजे वीज तोडून कुलूप लावण्याचं, ट्रेनिंग झालंय खरं, पण हा हेल्पर ठेकेदाराकडे त्यानंतर रुजू झाला. त्याची सही रजिस्टरमध्ये नाही.

आता या फोनच्या भानगडीचं काय करू? दोघांपैकी कोणाचं खरं मानू?

रात्रपाळी

मी इलेक्ट्रिशियन आहे (दुसरीकडे, घाबरू नका). रात्री दोनला लाइन थांबलेली असते, साहेब फोनवर म्हणतात ‘कायपण कर, चालू करून दे’. स्विच बदलायचा तर स्टोअरला कुलूप आणि स्टोअरकीपर घरी. मग आम्ही काय करतो? ‘कायपण’ करतो. सकाळी लॉगबुकात ‘अटेंड केले’. ‘लूप मारला’ लिहिलं तर साहेबच म्हणतात, असलं काय लिहितोस. उद्या पाय मोडला की लूप आमच्या एकट्याचा. माझं म्हणणं, त्या पोराचं वाक्य लिहिताना स्टोअरच्या कुलपाचंही लिहा.

मृगनक्षत्र

स्टोअरचं विचारलंच नव्हतं. विचारते.

जुना_मुकादम

रात्रपाळी, मुद्द्याला हात घातलात.

ताई, कोणाचं खरं मानायचं हे ठरवू नका. ते तुमचं काम नाही आणि तुमच्याकडे तेवढा पुरावाही नाही. दोघांचं म्हणणं दोन वाक्यांत, ज्याचं त्याच्या नावावर लिहा: ‘इलेक्ट्रिशियन सांगतो की…’, ‘मेंटेनन्स इनचार्ज सांगतात की…’. त्यापुढे जे वादातीत आहे ते: लूप कोणी मारला, कधी मारला, लॉगबुकात काय नोंद आहे, त्यावर कोणाची सही आहे. फोनवर काय बोलणं झालं हे कळलं नाही तर ‘कळले नाही’ असं सरळ लिहायचं. ते लपवण्यासाठी ‘सूचना देण्यात आल्याचे समजते’ असं गुळमुळीत करायचं नाही.

तुमच्या जुन्या उताऱ्यातलं ‘कार्यरत नसल्याचे निदर्शनास आले’ आता परत वाचा. वाचणाऱ्याला वाटतं, अपघातानंतर तपासणीत कळलं, बिचाऱ्यांना आधी कल्पना नव्हती. प्रत्यक्षात एका माणसाला १२ दिवस पक्कं माहीत होतं आणि दुसऱ्याची त्या पानावर सही आहे. ‘निदर्शनास आले’ दिसलं की मी लगेच विचारायचो, कोणाच्या आणि कधी. या एका प्रश्नाने फार फायली उघडल्या.

‘चुकून सुरू झाले’मधलं ‘चुकून’ही काढा. त्याने चुकून दाबलं नाही, मुद्दाम दाबलं. रोजच्यासारखं. आत माणूस आहे हे माहीत नव्हतं, एवढंच. ‘चुकून’ लिहिलं की उपाय ‘ऑपरेटरने काळजी घ्यावी’ हा निघतो. ‘मुद्दाम दाबलं, माहीत नव्हतं’ लिहिलं की प्रश्न येतो, त्याला माहीत कसं व्हायला हवं होतं?

‘रुग्णालयात हलविण्यात आले’ मात्र राहू द्या. गाडी कोणी चालवली याने काही बिघडत नाही. तुमच्या ऑडिटरनेही त्यालाच रेघ मारली नाही असं दिसतंय, माणूस जाणकार आहे. फक्त ‘तात्काळ’च्या जागी वेळ घाला.

व्याकरणवेडा

माझा आधीचा प्रतिसाद घाईचा होता हे मान्य. पण मग नुसतं ‘न करणं’ कसं लिहायचं? ‘समन्वयाचा अभाव’, ‘देखरेखीची कमतरता’ यांत कर्ता शोधायला गेलं तर जगातल्या प्रत्येकाने ते केलं नाही असंच निघेल.

जुना_मुकादम

हा प्रश्न चांगला विचारलात. न केलेल्या गोष्टीला कर्ता तेव्हाच मिळतो, जेव्हा ती करणं कोणाच्या तरी अंगावर असतं. म्हणून आधी कार्यपद्धती काढायची. आत माणूस असताना पुढच्या पाळीला सांगायचं काम ऑपरेटर १चं आहे असं तिथे लिहिलंय का? असेल तर ‘ऑपरेटर १ ने सांगितले नाही’. नसेल तर तेवढ्यावर थांबून त्याच्या डोक्यावर खापर फोडायचं नाही, पुढे ‘हे सांगण्याचे काम कार्यपद्धतीत कोणालाच दिलेले नाही’ हे वाक्य जोडायचं. माझ्या अनुभवात अशा वेळी निम्म्याहून जास्त ठिकाणी हेच दुसरं वाक्य निघतं, आणि खरा उपाय त्याच वाक्यातून येतो.

मृगनक्षत्र

बघितलं. आमच्या कार्यपद्धतीत ‘पाळी बदलताना योग्य ती माहिती देण्यात यावी’ असं आहे. कोणी, कोणाला, काय, काहीच नाही. म्हणजे रोग तिथूनच आहे 😀

स्टोअरचं पण खरं निघालं. नवीन लिमिट स्विच स्टोअरमध्ये होते. रात्री स्टोअर बंद. मग सकाळी का नाही बदलला, तर इनचार्ज म्हणाले, इलेक्ट्रिशियनने लूपचं कळवलं नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, लॉगबुकात लिहिलं की कळवलंच.

नवा मजकूर असा केलाय, बघा:

> साधारण २.४५ वाजता मिक्सर ऑपरेटर १ ने ठेकेदाराच्या हेल्परला मिक्सर आतून खरवडायला सांगितले. ऑपरेटर १ ने पॅनेलवरचे स्टॉप बटण दाबले. त्याने आयसोलेटर बंद केला नाही व कुलूप लावले नाही. कुलूप पाळी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये होते व ड्रॉवरची किल्ली सुपरवायझरकडे होती. सुपरवायझर त्या वेळी मोल्डिंग लाइनवर होते. २.५५ ला ऑपरेटर १ पंचिंगसाठी गेला. हेल्पर आत असल्याचे त्याने ऑपरेटर २ ला सांगितले नाही. हे सांगण्याचे काम कार्यपद्धतीत कोणालाही दिलेले नाही.
>
> ३.०५ च्या सुमारास ऑपरेटर २ ने रिकामा मिक्सर फिरवून पाहण्यासाठी स्टार्ट बटण दाबले. आत कोणी असल्याचे माहीत नव्हते, असे तो सांगतो. दरवाजा उघडा असूनही मिक्सर फिरला, कारण १२ दिवसांपूर्वी रात्रपाळीत इलेक्ट्रिशियनने दरवाजाच्या लिमिट स्विचला पॅनेलमध्ये लूप मारला होता. हेल्परचा डावा पाय प्लाऊ व भिंत यांच्यात सापडला. त्याचे ओरडणे ऐकून ऑपरेटर २ ने स्टॉप दाबले. जखमीला ३.३५ ला रुग्णालयात दाखल करण्यात आले.
>
> लूप मारण्यास मेंटेनन्स इनचार्जनी फोनवर सांगितले, असे इलेक्ट्रिशियन सांगतो. आपण फक्त मिक्सर चालू करून देण्यास सांगितले, असे मेंटेनन्स इनचार्ज सांगतात. फोनवर नेमके काय बोलणे झाले हे कळले नाही. लॉगबुकात ‘अटेंड केले, ओके’ अशी नोंद आहे व दुसऱ्या दिवशी त्यावर मेंटेनन्स इनचार्जची सही आहे. स्टोअरमध्ये नवीन स्विच होते. रात्रपाळीत स्टोअर बंद असते. लोटोचे प्रशिक्षण सेफ्टी विभागाने हेल्पर रुजू होण्यापूर्वी दिले होते. रुजू झाल्यावर त्याला ते कोणीही दिले नाही.

शेवटचं वाक्य माझ्याच विभागावर आहे.

दम्मामकर

उत्तम. आता हे वाचताना मला चित्र दिसतं. एक बारीक शंका: हेल्परला आत जायला ‘सांगितले’ की तो रोजचं काम म्हणून आपणहून उतरला?

मृगनक्षत्र

ऑपरेटर १ म्हणतो मी सांगितलं. हेल्परला हॉस्पिटलमध्ये विचारलं तर म्हणाला, रोजच उतरतो, सांगायला कशाला लागतंय. दोन्ही लिहिते.

काळाकोट

कबूल करतो, यात ‘दोष’ कुठेच दिसत नाही आणि सगळं कळतं. तरी मी व्यवस्थापनाचा वकील असतो तर तिसरा परिच्छेद बाहेर पाठवू नका म्हणालो असतो.

मृगनक्षत्र

काळाकोट, तुमचं बोलणं आमच्या साहेबांनी ऐकलं की काय! आज दुरुस्त करून परत दिलं. पहिल्या दोन परिच्छेदांत ऑपरेटरची वाक्यं जशीच्या तशी आहेत: ‘त्याने आयसोलेटर बंद केला नाही’, ‘त्याने सांगितले नाही’. ड्रॉवरचं वाक्य गेलं. ‘हे काम कोणालाही दिलेले नाही’ गेलं. तिसऱ्या परिच्छेदाच्या जागी एकच ओळ: ‘लिमिट स्विच तात्पुरता बायपास करण्यात आला होता.’ वर म्हणाले, ‘बघ, आता स्पष्ट झाला की नाही अहवाल?’

रात्रपाळी

खालच्याला ‘त्याने’ आणि वरच्याला ‘करण्यात आला’. झालं.

जुना_मुकादम

ही दुरुस्ती मी इतक्यांदा बघितलीय की हसू येतं. अशा अहवालाची एक परीक्षा सांगतो, साहेबांनाही दाखवा. दोन रंगांची पेनं घ्या. कर्ता असलेल्या वाक्यांखाली निळी रेघ, कर्ता नसलेल्यांखाली लाल. मग निळ्यांतला प्रत्येक कर्ता किती पगाराचा आहे ते बघा. सगळे निळे ठेक्याच्या आणि मशीनवरच्या माणसांचे आणि सगळे लाल केबिनमधले निघाले, तर तो अहवाल आधीच्या सात वाक्यांपेक्षा खोटा आहे. आधी निदान सगळेच झाकलेले होते. सिस्टरांच्या हॉस्पिटलात हेच झालं.

तुमचा ऑडिटर हे पकडेलच. ‘बायपास करण्यात आला’खाली परत ‘कोणी?’ येणार. साहेबांना तेवढंच सांगा, वाद घालू नका: दुसऱ्यांदा परत आलं तर पार्ट्सच्या ऑर्डरवर येईल.

परिचारिका_सांगली

आणि तरी त्यांनी नाहीच ऐकलं तर? सही त्यांची, नोकरी ताईंची. हे कोणी बोलत नाहीये.

जुना_मुकादम

खरंय सिस्टर. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी स्वतः जबाबांचे मूळ कागद तारखेसह, ज्याच्या त्याच्या सहीने वेगळ्या फाइलला लावून ठेवायचो आणि अहवालात ‘जबाब क्र. १ ते ५ सोबत’ एवढं लिहायचो. वाक्य बदललं तरी जबाब बदलत नाही. सगळीकडे हे चालेलच असं नाही.

काळाकोट

जबाबांवर सही घेताना प्रत्येकाला वाचून दाखवा. हेल्परला मराठी वाचता येतं ना? ठेक्याची बरीच मुलं बाहेरच्या राज्यांतली असतात.

मृगनक्षत्र

हेल्पर झारखंडचा आहे, मी त्याच्याशी हिंदीत बोलले. जबाब हिंदीत लिहून घेते आणि वाचून दाखवते.

आता शेवटचं वाक्य. ‘यापुढे योग्य ती दक्षता घेण्यात येईल.’ याचं काय करू?

शेंगदाणा

‘यापुढे योग्य ती टाकी साफ करण्यात येईल.’

जुना_मुकादम

त्याचे तुकडे करा. वर जिथे जिथे ‘कोणालाही दिलेले नाही’ किंवा ‘बंद असते’ आलंय, तिथे तिथे एक काम, एक हुद्दा, एक तारीख. उदाहरणार्थ: मेंटेनन्स इनचार्ज अमुक तारखेपर्यंत लिमिट स्विचच्या जागी किल्लीचं इंटरलॉक बसवतील. म्हणजे आयसोलेटर बंद केल्यावरच जी किल्ली सुटते, तीच मिक्सरच्या दरवाजाला लागते. ती आत उतरणाऱ्याच्या खिशात राहिली की बाहेरून कोणाच्या बापाला मिक्सर चालू करता येत नाही. पाळी सुपरवायझर कुलपं ड्रॉवरमधून काढून मिक्सरच्या पॅनेलशेजारी फळ्यावर टांगतील. प्लँट हेड रात्रपाळीसाठी स्टोअरच्या किल्लीची सोय करतील. आणि लॉगबुकात नुसतं ‘अटेंड केले’ चालणार नाही, काय केलं ते लिहायचं, हे कोण बघणार त्याचा हुद्दा.

तारीख लिहिताना त्या माणसाला विचारून लिहा. त्याला न विचारता लिहिलेली तारीख म्हणजे परत तेच ‘घेण्यात येईल’.

व्याकरणवेडा

एक राहिलं. ‘आत कोणी असल्याचे ऑपरेटर २ ला माहीत नव्हते’ हे ठीक. पण दरवाजा उघडा होता ना? मग त्याला तो दिसला कसा नाही? इथे कर्ता आहे, पुरावा आहे, तरी वाचताना अडखळायला होतं.

रात्रपाळी

पॅनेल कुठंय त्यावर आहे. आमच्याकडे पॅनेल हॉपरच्या मागं, दरवाजा पुढं. बटणाजवळ उभं राहून दरवाजा दिसतच नाही.

मृगनक्षत्र

आमच्याकडेही मध्ये हॉपरचा खांब आहे असं आठवतंय. उद्या पॅनेलपाशी उभी राहून बघते, फोटो काढते आणि अंतर मोजून लिहिते. दिसत नसेल तर पॅनेल तिथे बसवायचं कोणी ठरवलं हाही प्रश्न येईल, आणि तो प्लँट १९९०च्या दशकातला आहे. तिथे काय लिहायचं?

जुना_मुकादम

तिथे ‘पॅनेल बसवण्यात आले’ लिहा, मी काही म्हणणार नाही. फक्त ते हलवायचं कोणी आणि कधी, ते निळ्या पेनाने.